इंडोनेशियन यूट्यूब स्टुडिओ: पात्रता, आकडेवारी आणि पैशांचा उंबरठा कसा वाचायचा

परदेशी चॅनेलांसाठी घरबसल्या व्हिडिओ कापणं, थंबनेल बनवणं, सबटायटल लिहिणं अशी कामं आता मराठी मुलं-मुलीही करतात. गिऱ्हाईक जकार्ताचं किंवा सुराबायाचं असेल, तर कधीतरी त्याच्या यूट्यूब स्टुडिओचा स्क्रीनशॉट येतो आणि सोबत प्रश्न येतो: चॅनेल कमाईला पात्र झालं का? या महिन्याचे पैसे कधी येणार? स्क्रीनशॉट बहासा इंडोनेशियात असतो. लिपी रोमन असल्यामुळे अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. आकडे तर कळल्यासारखे वाटतात आणि नेमके तेच फसवतात.

हा लेख त्या स्टुडिओतल्या तीन पडद्यांबद्दल आहे. पहिला पात्रतेचा, दुसरा आकडेवारीचा आणि तिसरा पैसे हातात पडण्याच्या मर्यादेचा. तिन्ही पडदे एकाच चॅनेलबद्दल बोलतात, पण प्रत्येकाचं माप वेगळं आणि घड्याळही वेगळं. एकावरचा आकडा दुसऱ्यावर शोधायला गेलं की गोंधळ सुरू होतो.

## आधी आकडे वाचायला शिकू

इंडोनेशियात हजारांनंतर टिंब देतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणजे आपल्या बरोबर उलट. पडद्यावर `4.000 jam` दिसलं तर ते चार तास नाहीत, चार हजार तास आहेत. `4,2%` म्हणजे चार पूर्णांक दोन दशांश टक्के. घाईत वाचणाऱ्याला `1.000` हा आकडा एक वाटू शकतो, आणि `Rp9.260` म्हणजे नऊ रुपये आणि काही पैसे असंही वाटू शकतं. ते नऊ हजार दोनशे साठ रुपिया आहेत.

मोठे आकडे संक्षेपात येतात. `rb` म्हणजे ribu, हजार. `jt` म्हणजे juta, दहा लाख. म्हणून `10 juta` म्हणजे आपले एक कोटी. सर्वांत घातक अक्षर `M`. इंग्रजी पडद्यावर ते दहा लाखांसाठी असतं, पण इंडोनेशियन पडद्यावर ते miliar या शब्दाचं आद्याक्षर आहे आणि miliar म्हणजे शंभर कोटी. `2,1 M` पाहून कुणी एकवीस लाख व्ह्यूज म्हणाला, तर तो हजारपटीने चुकला.

चलनाचं चिन्ह `Rp` आहे. आपला रुपया आणि त्यांचा रुपिया नावाने भाऊ असले, तरी किमतीत फार अंतर आहे. २०२५ मध्ये एका भारतीय रुपयाला साधारण १८५ ते १९५ रुपिया पडत होते. पुढच्या हिशेबांत १८८ हा भाव धरला आहे.

शब्दांबाबत मात्र आपण अगदीच परके नाही. अरबीतून जसे शब्द आपल्याकडे आले, तसे तिकडेही गेले. मराठीत 'त्यात काय हशील?' म्हणतो त्यातला हशील हाच तिकडचा hasil, म्हणजे निष्पत्ती किंवा उत्पन्न. Penghasilan म्हणजे कमाई. syarat म्हणजे शर्त, आणि `memenuhi syarat` म्हणजे शर्ती पूर्ण करणारा, पात्र. waktu हा वक्त आहे, त्यामुळे `waktu tonton` म्हणजे बघण्यात गेलेला वेळ, ज्याला आपण सरळ वॉच टाइम म्हणतो.

## पहिला पडदा: पात्रता

स्टुडिओच्या डाव्या मेन्यूत डॉलरच्या चिन्हाशेजारी `Monetisasi` किंवा `Penghasilan` असा शब्द दिसेल. कमाई सुरू झालेली नसेल, तर तिथे भरत जाणाऱ्या पट्ट्या दिसतात.

या पडद्याची किल्ली दोन छोट्या शब्दांत आहे. `dan` म्हणजे आणि, `atau` म्हणजे किंवा. जाहिरातींच्या कमाईसाठी १,००० सबस्क्रायबर हवेतच. त्यांच्या जोडीला दोन पट्ट्यांपैकी कुठलीही एक भरली की पुरे. एक पट्टी गेल्या १२ महिन्यांतल्या ४,००० तासांची, `jam tonton publik yang valid`. दुसरी गेल्या ९० दिवसांतल्या एक कोटी शॉर्ट्स व्ह्यूजची, `penayangan Shorts publik`. दोन्ही पट्ट्या भरायच्या आहेत असं समजून एक कोटीच्या आकड्याला घाबरण्याचं कारण नाही.

याच्या खालची एक पायरीही आहे: ५०० सबस्क्रायबर, गेल्या ९० दिवसांत ३ सार्वजनिक व्हिडिओ, आणि ३,००० तास किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज. ती पार केली की मेंबरशिप, सुपर चॅट, सुपर थँक्स अशा प्रेक्षकांकडून थेट येणाऱ्या पैशांची दारं उघडतात. जाहिरातींचा वाटा मात्र तिथे नसतो. `500` ची पट्टी हिरवी झालेला स्क्रीनशॉट पाठवून गिऱ्हाईक 'जाहिराती कुठे आहेत?' असं विचारतो, तेव्हा त्याने हीच पायरी गाठलेली असते.

पट्ट्यांखाली आणखी काही गोष्टींवर बरोबरची खूण लागते: खात्याला दुहेरी पडताळणी असणं आणि यूट्यूबच्या नियमभंगाची चालू ताकीद नसणं. पट्ट्या भरूनही अर्जाचं बटण फिकट राहिलं, तर आधी इथे बघावं.

## आकडेवारीत पाच हजार तास दिसतात, मग पात्रतेत साडेतीन हजारही का नाहीत?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. उत्तरासाठी एक कल्पित चॅनेल घेऊ. योग्याकार्ताच्या एका स्वयंपाकघरातून पाककृती दाखवणारं. १० फेब्रुवारी २०२६ रोजी त्याच्या पात्रतेच्या पडद्यावर `1.240` सबस्क्रायबर आणि `3.412` तास आहेत. आकडेवारीत `365 hari terakhir`, म्हणजे गेले ३६५ दिवस निवडले, की वॉच टाइम `5.260` तास दिसतो. मधले १,८४८ तास कुठे गेले?

ते कुठेच गेले नाहीत. आकडेवारीचा पडदा चॅनेलवर बघितलेला सगळा वेळ मोजतो आणि पात्रतेचा पडदा त्यातला ठरावीकच धरतो. शेतातून आलेलं सगळं धान्य आणि निवडून-पाखडून बाजारात नेण्याजोगं धान्य यांतला हा फरक आहे. शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ ४,००० तासांत धरत नाहीत. खासगी, लिंकपुरते ठेवलेले आणि नंतर काढून टाकलेले व्हिडिओही बाद होतात. पैसे देऊन जाहिरात म्हणून दाखवलेल्या व्हिडिओचे तासही जातात.

आपल्या उदाहरणात १,५४० तास शॉर्ट्सचे आहेत आणि ३०८ तास लिंकपुरत्या ठेवलेल्या जुन्या व्हिडिओंचे. हे ताडून बघता येतं. आकडेवारीत `Mode lanjutan` नावाचा सविस्तर तक्ता असतो. तिथे कालावधी ३६५ दिवस ठेवून व्हिडिओंच्या प्रकारानुसार वॉच टाइम पाहिला, की शॉर्ट्सचा वाटा वेगळा दिसतो. तो वजा करून आणि लिंकपुरते व्हिडिओ वगळून उरलेली बेरीज पात्रतेच्या आकड्याच्या जवळ आली, तर सगळं ठीक आहे. अगदी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये, कारण दोन्ही पडद्यांवरची माहिती एक-दोन दिवस मागे असते आणि दोघांचं मागे असणं सारखं नसतं.

लिंकपुरता ठेवलेला चांगला व्हिडिओ सार्वजनिक केला तर त्याचे तास धरले जाऊ शकतात. आणि उलट, 'चॅनेल नीटनेटकं करू' म्हणून जुने, पण बघितले जाणारे व्हिडिओ उडवले, तर पट्टी मागे सरते. अर्जाच्या तोंडावर सफाईची मोहीम काढू नये, ती याचसाठी.

शॉर्ट्सच्या पट्टीचीही अशीच एक गंमत आहे. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचा व्ह्यू सुरू झाल्याक्षणी मोजला जातो, प्रेक्षक किती वेळ थांबला याची अट त्याला नाही. पात्रता आणि कमाई मात्र जुन्या, कडक पद्धतीच्या मोजणीवरच ठरते. त्यामुळे व्हिडिओखाली झळकणारे व्ह्यूज आणि पट्टीतले व्ह्यूज यांत बरीच तफावत दिसते, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात.

## पट्टी मागे का जाते?

`12 bulan terakhir` म्हणजे गेले १२ महिने. हे कॅलेंडरचं वर्ष नव्हे. रोज एक नवा दिवस आत येतो आणि बरोबर वर्षापूर्वीचा एक दिवस बाहेर पडतो. गळक्या हौदासारखं. वरून पाणी येतंय तितकंच खालून जात असेल, तर पातळी हलत नाही.

इंडोनेशियन पाककृतींच्या चॅनेलसाठी या हिशेबात रमजान फार महत्त्वाचा असतो. उपवास सोडताना खायच्या गोडाधोडाला तिकडे takjil म्हणतात, आणि त्या महिन्यात अशा पाककृती भरपूर बघितल्या जातात. इस्लामी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतो. २०२५ मध्ये तो इंडोनेशियात १ मार्चला सुरू झाला आणि २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात.

आता आपलं चॅनेल बघा. त्याला हवेत आणखी ५८८ तास. समजा १९ फेब्रुवारीपासून takjil च्या नव्या व्हिडिओंमुळे रोज ४५ तासांची भर पडते. मागच्या फेब्रुवारीचे बाहेर पडणारे तास इतके किरकोळ आहेत की ते सोडून देऊ. ५८८ ला ४५ ने भागून मालक म्हणेल, चौदा दिवसांत, म्हणजे ४ मार्चला काम झालं. तसं होणार नाही. २८ फेब्रुवारीपर्यंतच्या दहा दिवसांत ४५० तास जमा होऊन पट्टी `3.862` वर येईल. १ मार्चपासून मात्र मागच्या रमजानचे दिवस बाहेर पडू लागतील. त्या महिन्यात ९०० तास मिळाले होते असं धरलं, तर रोज ३० तास गळणार. ४५ तास आत, ३० बाहेर, निव्वळ भर १५. उरलेले १३८ तास भरायला दहा दिवस लागतील आणि १० मार्चला पट्टी `4.012` दाखवेल.

सहा दिवसांचा उशीर फार नाही. पण रमजान संपल्यावर रोजची भर ४५ वरून १० वर आली आणि मागच्या रमजानचे ३० तास रोज गळतच राहिले, तर पट्टी उलटी सरकते. म्हणून अशा चॅनेलने महत्त्वाचे व्हिडिओ सणाच्या आधी चढवलेले बरे. दोन रमजान एकाच १२ महिन्यांच्या खिडकीत बसतात, ते थोडेच दिवस असतात.

पडद्यावर `Beri tahu saya` असं बटण असतं, म्हणजे 'मला कळवा'. ते दाबलं की पात्रता आल्यावर निरोप येतो. रोज पट्टी उघडून बघण्याची गरज राहत नाही.

पट्टी भरणं म्हणजे मंजुरी नव्हे, हेही सांगायला हवं. पट्टी भरल्यावर अर्ज करता येतो. अर्जानंतर चॅनेल तपासलं जातं, आणि दुसऱ्यांचे व्हिडिओ उचलून जोडलेलं किंवा एकाच साच्यातून काढलेलं काम असेल, तर नकार मिळतो. पहिल्या नकारानंतर ३० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो.

## दुसरा पडदा: आकडेवारी

`Analytics` हा शब्द इंडोनेशियनमध्येही तसाच आहे. वरच्या टॅबांत `Ringkasan` म्हणजे सारांश, `Konten`, `Audiens`, आणि कमाई सुरू झालेल्या चॅनेलवर `Pendapatan`, म्हणजे उत्पन्न.

इथे मराठी डोळ्यांना हमखास चकवणारी जोडी म्हणजे `Tayangan` आणि `Penayangan`. दोन्ही शब्द tayang या एकाच मुळातून आले आहेत आणि दिसायला भावंडं आहेत. `Penayangan` म्हणजे व्ह्यूज, व्हिडिओ प्रत्यक्ष किती वेळा बघितला गेला ते. `Tayangan` म्हणजे थंबनेल किती वेळा लोकांच्या डोळ्यांसमोर आलं ते. दुकानावरून किती माणसं गेली आणि किती आत आली, असा तो फरक. यांना जोडणारा तिसरा आकडा `Rasio klik-tayang`, म्हणजे थंबनेल दिसलेल्यांपैकी किती टक्के वेळा त्यावर क्लिक झालं. `Tayangan` चा आठ लाखांचा आकडा बघून कुणी व्ह्यूज आठ लाख म्हणून अहवाल दिला, तर गिऱ्हाईक काही क्षण खूश होईल, एवढंच.

पैशांच्या टॅबवर दोन आकडे जवळजवळ असतात. `CPM` म्हणजे हजार वेळा जाहिरात दाखवण्यासाठी जाहिरातदाराने मोजलेली रक्कम. यूट्यूबचा वाटा त्यातून जायचा असतो. `RPM` म्हणजे दर हजार व्ह्यूजमागे चॅनेलला मिळालेली रक्कम, यूट्यूबचा वाटा गेल्यानंतरची. त्यात जाहिरातींबरोबर मेंबरशिप वगैरेही मोजतात, आणि ज्या व्ह्यूजवर एकही जाहिरात दिसली नाही, तेही भाजकात येतात. साहजिकच `RPM` बहुतेक वेळा `CPM` पेक्षा बराच कमी असतो. चॅनेलवाल्याला उपयोगी आकडा `RPM`.

हिशेब करून पाहू. चॅनेलला मंजुरी मिळाली, जाहिराती सुरू झाल्या. मे महिन्यात `Penayangan` आहे `50,0 rb`, म्हणजे ५०,०००, आणि `Estimasi pendapatan`, म्हणजे अंदाजे उत्पन्न, `Rp463.000`. ४,६३,००० ला ५० ने भागलं की `RPM` येतो `Rp9.260`. भारतीय चलनात सुमारे ४९ रुपये, आणि महिन्याची कमाई सुमारे २,४६० रुपये. हा भागाकार एकदा हाताने करून बघावा. उत्तर पडद्यावरच्या `RPM` शी जुळलं, तर टिंब आणि स्वल्पविराम आपण नीट वाचतोय याची खात्री होते. दहापट किंवा हजारपट चूक इथेच पकडली जाते.

त्या `Estimasi` शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. तिसऱ्या पडद्यावरचे वाद बहुतेक याच शब्दामुळे होतात.

## स्टुडिओची भाषाच इंग्रजी केली तर?

चॅनेलमालकाने तुम्हाला चॅनेलवर मर्यादित परवानगी दिली असेल, तर तुमच्या खात्यातून उघडल्यावर स्टुडिओ तुमच्याच भाषेत दिसेल आणि निम्मी अडचण संपेल. चलनही बदलता येतं. `Setelan`, मग `Umum`, मग `Mata uang`. पण ते फक्त दाखवण्याचं चलन आहे. पैसे खात्यात ज्या चलनात यायचे, त्याच चलनात येतात.

परवानगीचे प्रकारही वेगवेगळे असतात, आणि काही प्रकारांत उत्पन्नाचे आकडे मुद्दाम झाकलेले असतात. पैसे चुकते होण्याचा भाग तर ॲडसेन्स या गूगलच्या पैसे देणाऱ्या सेवेच्या वेगळ्या खात्यात असतो आणि स्टुडिओची परवानगी तिथे चालत नाही. म्हणून तिसरा पडदा तुम्हाला बहुतेक वेळा स्क्रीनशॉटवरूनच वाचावा लागतो, मालकाच्या भाषेत आणि मालकाच्या चलनात.

## तिसरा पडदा: उंबरठा

पैसे देण्याच्या किमान मर्यादेला तिकडे `ambang batas pembayaran` म्हणतात. दुसरं नाव `nilai minimum pembayaran`. ambang या शब्दाचा मूळ अर्थच दाराचा उंबरठा असा आहे, त्यामुळे मराठीत वेगळा शब्द शोधायची गरज नाही. शिल्लक या उंबरठ्याच्या वर गेली की पैसे घराबाहेर पडतात, नाहीतर पुढच्या महिन्यात जमा होत राहतात. काहीही बुडत नाही.

रुपियात चालणाऱ्या खात्याचा उंबरठा `Rp1.300.000` आहे, म्हणजे सुमारे ६,९०० भारतीय रुपये. भारतातल्या खात्यांना परिचित असलेला उंबरठा १०० डॉलरचा. दोन्ही आकडे एकच धरून हिशेब केला तर चुकतो, कारण डॉलर सुमारे १३,००० रुपियांना होता तेव्हा ते जुळले असते, आता डॉलर १६,००० च्या वर गेला आहे.

पहिल्या पैशांच्या आधी आणखी एक छोटा उंबरठा लागतो. शिल्लक मुख्य मर्यादेच्या साधारण एक दशांशावर आली की घराच्या पत्त्यावर टपालाने पिन येतो. यायला दोन ते चार आठवडे लागतात. तो पडद्यावर भरेपर्यंत पैसे अडकून राहतात. इंडोनेशियात पत्त्याच्या ओळी लांबलचक असतात. गल्लीचं नाव, मग RT आणि RW हे मोहल्ल्याचे क्रमांक, मग गाव किंवा वॉर्ड, तालुका. पत्ता पहिल्यांदाच अपुरा भरला असेल, तर पिन पोहोचत नाही आणि नवा मागवून पुन्हा तितकेच आठवडे थांबावं लागतं.

## स्टुडिओ म्हणतो मर्यादा ओलांडली, मग पैसे का नाहीत?

आपल्या चॅनेलचे पहिले तीन महिने घेऊ. स्टुडिओच्या उत्पन्नाच्या टॅबवर एप्रिल `Rp412.000`, मे `Rp463.000`, जून `Rp451.000`. बेरीज `Rp1.326.000`. उंबरठा पार झाला असं समजून मालक जुलैअखेरीस बँकेकडे डोळे लावून बसतो. काही येत नाही.

स्टुडिओतला आकडा अंदाज असतो. महिना संपल्यावर यूट्यूब तो पुन्हा तपासतं. बनावट किंवा चुकीच्या क्लिकांचे पैसे वजा होतात, गाण्यावर कुणी हक्क सांगितला असेल तर त्या व्हिडिओचे पैसे दुसरीकडे वळतात. मग पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेच्या दरम्यान अंतिम रक्कम ॲडसेन्सच्या शिलकीत, म्हणजे `Saldo` मध्ये पडते. आपल्या चॅनेलला अंतिम मिळाले एप्रिलचे `Rp401.500`, मेचे `Rp455.000` आणि जूनचे `Rp436.500`. बेरीज `Rp1.293.000`. उंबरठ्याला सात हजार रुपिया कमी पडले, म्हणजे भारतीय ३७ रुपये! सदतीस रुपयांसाठी महिनाभर थांबायचं. जुलैची कमाई ऑगस्टमध्ये जमा झाली की शिल्लक मर्यादेच्या वर जाईल आणि २१ ते २६ ऑगस्टच्या दरम्यान सगळी रक्कम निघेल.

तेव्हा विचारायचा स्क्रीनशॉट `Pendapatan` टॅबचा नाही. ॲडसेन्सच्या `Pembayaran` पानावरचा `Saldo` आणि त्याखालची `Transaksi` यादी मागा. एडिटरचा मोबदला टक्केवारीने ठरला असेल, तर करारात 'स्टुडिओतला आकडा' की 'व्यवहारांच्या यादीतली अंतिम रक्कम' हे आधीच लिहून घ्यावं. नाहीतर दर महिन्याला तीच घासाघीस.

महिन्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल एक बारीक गोष्ट आहे. यूट्यूबचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वेळेने मोजला जातो. जकार्ता त्याच्या १४ तास पुढे आहे, तिकडच्या हिवाळ्यात १५. म्हणजे जून महिना जकार्तात १ जुलैला दुपारी दोनला संपतो आणि पुण्यात दुपारी साडेबाराला. ३० जूनच्या रात्री घेतलेला स्क्रीनशॉट पूर्ण महिन्याचा नसतो.

## उंबरठा खरोखर ओलांडला, तरी पैसे थांबले

तेव्हा पानाच्या वर एक इशारा असतो आणि त्यात बहुधा `ditangguhkan` हा शब्द दिसतो, म्हणजे रोखून धरलेलं. कारण त्याच इशाऱ्यात लिहिलेलं असतं. `PIN` म्हणजे वर सांगितलेला पिन. `Verifikasi identitas` म्हणजे ओळखपत्राची पडताळणी, जिथे ओळखपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षरशः सारखं लागतं. `Metode pembayaran` म्हणजे बँक खातं जोडलेलं नाही. `Info pajak` म्हणजे कराची माहिती दिलेली नाही.

कराचा इशारा पुढे ढकलण्यासारखा नसतो. अमेरिकी कराचा अर्ज भरला नसेल, तर व्यक्तीच्या खात्यातून जगभरातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. अर्ज भरला, की कपात फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर उरते. कर करारानुसार इंडोनेशियातल्या रहिवाशाला रॉयल्टीवर १० टक्के दर मिळू शकतो, भारतातल्याला १५. इंडोनेशियन माणूस तिथे त्यांचा कर क्रमांक, NPWP, भरतो. जेवणाच्या पाककृती इंडोनेशियन भाषेत दाखवणाऱ्या चॅनेलला अमेरिकी प्रेक्षक मोजकेच, त्यामुळे अर्ज भरल्यावर ही कपात किरकोळ राहते.

हे सगळे अडथळे २० तारखेपर्यंत दूर झाले नाहीत, तर त्या महिन्याची गाडी चुकते आणि रक्कम पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेवर जाते. २२ तारखेला ओळखपत्र मंजूर झालं म्हणून २६ ला पैसे येत नाहीत, त्याचं कारण हे.

एक शेवटचा घोळ ब्लॉग चालवणाऱ्यांचा. २०२२ पासून यूट्यूबची कमाई आणि वेबसाइटवरच्या जाहिरातींची कमाई ॲडसेन्समध्ये वेगळ्या खात्यांत ठेवली जाते. दोन्हींचा उंबरठा स्वतंत्र. ब्लॉगचे आठ लाख रुपिया आणि चॅनेलचे सात लाख मिळून पंधरा लाख होतात खरे, पण पैसे कुठल्याच खात्यातून निघत नाहीत. `Pembayaran` पानावर वरच्या बाजूला दोन खात्यांची नावं दिसली, तर प्रत्येकाचा `Saldo` वेगवेगळा बघावा.